(a, b) वर सगळीकडे चालणारा δ सापडत नाही? आधी दोन्ही टोकांच्या लिमिट बघा

तक्रार साधारण अशी असते: "फंक्शन खुल्या इंटरव्हलवर कंटिन्युअस आहे, दोन्ही टोकांना फायनाइट लिमिट आहे. ते युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे हे दाखवायचं होतं. मी प्रत्येक बिंदूसाठी δ काढला, त्यातला सगळ्यात लहान घेतला, आणि तरीही मार्क गेले." रिअल अ‍ॅनालिसिस शिकणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच, आणि बहुतेकांचं गाडं याच जागी अडतं.

मार्क गेले ते "सगळ्यात लहान" या दोन शब्दांपायी. (a, b) मध्ये बिंदू अनंत आहेत, म्हणजे δ सुद्धा अनंत. अनंत धन संख्यांमध्ये सगळ्यात लहान अशी संख्या असेलच असं नाही. 1, 1/2, 1/3, 1/4… या यादीत प्रत्येक संख्या धन आहे, पण यादीतली सगळ्यात लहान संख्या कोणती? कुठलीच नाही. यादी शून्याकडे सरकत राहते, आणि शून्य हा δ म्हणून चालत नाही.

तर मुद्दा असा. साध्या कंटिन्युइटीत ε दिल्यावर आपण एका ठरावीक बिंदूपाशी उभे राहून δ काढतो. दुसऱ्या बिंदूपाशी गेलो की नवा δ. युनिफॉर्म कंटिन्युइटीत ε दिल्यावर एकच δ द्यायचा आणि तो इंटरव्हलभर चालला पाहिजे: x आणि y कुठेही असोत, |x − y| < δ असेल तर |f(x) − f(y)| < ε.

बिंदूगणिक δ कसा आकसतो ते f(x) = 1/x वर, (0, 1) मध्ये पाहू. ε = 1 घ्या. बिंदू c पाशी चालणारा जास्तीत जास्त मोठा δ हिशेबाने c²/(1 + c) येतो. c = 0.1 असेल तर तो साधारण 0.009. c = 0.01 केलं की साधारण 0.0001. शून्याच्या जितकं जवळ जाल तितका δ लहान, आणि त्याला खाली कुठे थारा नाही. हा खराखुरा बिघाड आहे: 1/x हे (0, 1) वर युनिफॉर्मली कंटिन्युअस नाहीच. शून्यापाशी त्याची लिमिट फायनाइट नाही, त्यामुळे आपलं प्रमेय त्याला लागूही होत नाही.

δ शून्याकडे गेला म्हणजे फंक्शनच खराब, असं नाही

इथे बरेच जण घाई करतात. f(x) = √x घ्या, तोच इंटरव्हल (0, 1). कंटिन्युइटी सिद्ध करताना सगळे एकच ओळ लिहितात:

|√x − √c| = |x − c| / (√x + √c) ≤ |x − c| / √c

यातून δ = ε√c मिळतो. c शून्याकडे नेला की हा δ पण शून्याकडे जातो. मग निष्कर्ष निघतो की √x युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. |√x − √y| ≤ √|x − y| ही असमानता वापरली तर δ = ε² सगळीकडे चालतो. ε = 0.1 असेल तर δ = 0.01, मग c कितीही लहान असू दे.

म्हणजे 1/x मध्ये आपण मोठ्यात मोठा δ काढला होता आणि तोच शून्याकडे गेला. √x मध्ये आपण गरजेपेक्षा कंजूष δ निवडला होता. आपण काढलेला δ शून्याकडे गेला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही असं म्हणायचं असेल तर x आणि y च्या अशा जोड्या दाखवाव्या लागतात की त्यांच्यातलं अंतर शून्याकडे जातं आणि फंक्शनच्या किमतींतला फरक मात्र कमी होत नाही.

√x कडून आणखी एक गोष्ट कळते. त्याचा डेरिव्हेटिव्ह 1/(2√x) शून्यापाशी अमर्याद वाढतो. तेव्हा "डेरिव्हेटिव्ह बाउंडेड नाही, म्हणून युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही" हेही खोडून टाका. बाउंडेड डेरिव्हेटिव्ह असेल तर काम सोपं होतं, बस एवढंच. तो नसला म्हणून काही बिघडत नाही.

गळती नेमकी कुठून होते

समजा f हे (a, b) वर कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. मग कुठला तरी एक ε असा आहे की कोणताच δ पुरत नाही. δ = 1 पुरत नाही, 1/2 पुरत नाही, 1/3 पुरत नाही. प्रत्येक n साठी xₙ आणि yₙ अशी जोडी मिळते की

|xₙ − yₙ| < 1/n, पण |f(xₙ) − f(yₙ)| ≥ ε

या xₙ बिंदूंची गर्दी कुठे होते ते बघू. ते सगळे a आणि b च्या मध्ये अडकलेले आहेत. बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेयानुसार त्यांची एक उपक्रमिका कुठल्या तरी c कडे जाते. yₙ त्यांना चिकटूनच आहेत, म्हणून त्यांची तीच उपक्रमिकाही c कडेच जाते. आता c असू शकतो कुठे? [a, b] मध्ये. हे बंद कंस महत्त्वाचे आहेत: सगळे xₙ आतले असले तरी त्यांची लिमिट टोकावर जाऊन बसू शकते.

c आतला असेल तर f तिथे कंटिन्युअस आहे. मग त्या उपक्रमिकेवर f(xₙ) आणि f(yₙ) दोन्ही f(c) कडे जातात, त्यांच्यातला फरक शून्याकडे जातो, आणि तो ε पेक्षा कमी होत नाही हे आपलं म्हणणं कोसळतं. म्हणजे आतल्या कुठल्याही बिंदूपाशी गळती होऊच शकत नाही. उरली फक्त दोन टोकं, आणि तिथे नुसती कंटिन्युइटी काही मदत करत नाही, कारण f तिथे दिलेलंच नाही.

टोकाला फायनाइट लिमिट असण्याची अट इथे कामी येते. c = a असेल आणि a पाशी लिमिट L असेल, तर उपक्रमिकेवर f(xₙ) हे L कडे जातं, f(yₙ) पण L कडेच जातं, फरक पुन्हा शून्याकडे. c = b असेल तरी तेच, फक्त L ऐवजी M. तिन्ही शक्यता संपल्या, विरोधाभास मिळाला, सिद्धता झाली.

माझ्या मते सर्वांत स्वच्छ सिद्धता हीच, कारण कुठली अट कुठे लागली ते उघड्यावर दिसतं. आतल्या बिंदूंना कंटिन्युइटी, टोकांना लिमिट, आणि इंटरव्हलची लांबी फायनाइट आहे हे बोल्झानो-वायरश्ट्रासला. लिहिताना एक पथ्य पाळा: xₙ ची उपक्रमिका निवडली की yₙ ची तीच क्रमांकांची उपक्रमिका घ्यायची. yₙ साठी वेगळी उपक्रमिका निवडली तर जोड्या तुटतात आणि पुढचं सगळं निरर्थक होतं.

"बाउंडेड आहे" एवढ्यावर भागत नाही

उत्तरांत हमखास दिसणारा दुसरा बिघाड असा: "टोकांना लिमिट आहे, म्हणून f बाउंडेड आहे, म्हणून युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे." पहिली उडी बरोबर आहे. दुसरी नाही. f(x) = sin(1/x) हे (0, 1) वर कंटिन्युअस आहे, −1 आणि 1 च्या बाहेर कधी जात नाही, तरी युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही.

जोड्या लावून बघा: xₙ = 1/(nπ) आणि yₙ = 1/(nπ + π/2). पहिल्या बिंदूपाशी f ची किंमत 0, दुसऱ्यापाशी 1 किंवा −1. फरक नेहमी 1. n = 10 ला हे बिंदू साधारण 0.03183 आणि 0.03032 आहेत, अंतर 0.0015. n = 100 ला अंतर 0.000016 च्या आसपास येतं, आणि f मधला फरक तेव्हाही 1 च. शून्यापाशी लिमिट नाही, आणि गळती बरोबर तिथूनच होते.

आता त्याच जोड्या f(x) = x sin(1/x) वर लावा. n = 10 ला फरक साधारण 0.03, n = 100 ला 0.003. जोड्या तशाच जवळ येतात, फंक्शनही तितक्याच वेळा वरखाली होतं, पण पुढे लावलेल्या x मुळे प्रत्येक हेलकाव्याची उंची मरत जाते. शून्यापाशी लिमिट 0 आहे, 1 पाशी sin 1, म्हणजे साधारण 0.8415. प्रमेय लागू होतं. डेरिव्हेटिव्ह मात्र इथेही बेलगाम आहे: x = 1/(2nπ) पाशी तो −2nπ असतो. n = 100 ला म्हणजे जवळपास −628.

सांधा निखळतो तिथे

काहींना विरोधाभासाची सिद्धता नको असते, त्यांना δ हातात हवा असतो. ते बरोबरच आहे. पण मग इंटरव्हलचे तुकडे करावे लागतात, आणि सांध्यावर घात होतो.

x sin(1/x) साठी ε = 0.1 घेऊन प्रत्यक्ष δ काढू. शून्यापाशी: |f(x)| ≤ x, म्हणून x आणि y दोन्ही 0.05 च्या आत असतील तर |f(x) − f(y)| ≤ x + y < 0.1. इथे दोघांमधलं अंतर किती हा प्रश्नच येत नाही. उरलेल्या भागात, 0.05 च्या पुढे, डेरिव्हेटिव्ह sin(1/x) − (1/x) cos(1/x) आहे, त्याची मर्यादा 1 + 20 = 21. मीन व्हॅल्यू प्रमेयाने δ = 0.1/21 पुरतो. मग लोक लिहितात "म्हणून δ = 0.1/21" आणि खाली दुहेरी रेघ मारतात.

पण x = 0.0499 आणि y = 0.0501 घेतले तर? अंतर 0.0002, δ पेक्षा कितीतरी कमी. एक बिंदू डाव्या तुकड्यात, एक उजव्या. डाव्या तुकड्याचा हिशेब दोघांवर चालत नाही, उजव्याचाही चालत नाही. या जोडीबद्दल आपण काहीच सिद्ध केलेलं नाही. उत्तर कदाचित खरं असेलही, पण सिद्धतेला भोक आहे, आणि तपासणारा नेमकं त्यावर बोट ठेवतो.

दुरुस्ती सोपी आहे: तुकडे एकमेकांवर चढवा. डावा तुकडा (0, 0.05) तसाच ठेवा, उजवा [0.04, 1) पासून सुरू करा. उजवीकडे आता डेरिव्हेटिव्हची मर्यादा 1 + 25 = 26 होते, म्हणून तिथला δ 0.1/26, साधारण 0.00385. दोन तुकडे 0.01 एवढ्या रुंदीत एकमेकांवर आहेत. δ = 0.0038 घ्या. x < y आणि अंतर 0.0038 पेक्षा कमी असेल, तर दोनच शक्यता. x ≥ 0.04 असेल तर दोघे उजव्या तुकड्यात. x < 0.04 असेल तर y < 0.0438, म्हणजे दोघे डाव्यात. सांध्यावर कोणी लटकत नाही.

सर्वसाधारण फंक्शनसाठी हेच असं लिहायचं. r एवढा लहान घ्या की (a, a + 2r) मध्ये |f − L| < ε/2 आणि (b − 2r, b) मध्ये |f − M| < ε/2 राहील, आणि a + r हे b − r च्या आधी येईल. मधल्या बंद तुकड्यासाठी, [a + r, b − r] साठी, बंद, बाउंडेड इंटरव्हलवर कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं असं सांगणारं हाइनेचं प्रमेय δ₁ देतं. शेवटी δ = min(r, δ₁). x < y असताना x < a + r असेल तर y < a + 2r. y > b − r असेल तर x > b − 2r. नाहीतर दोघे मधल्या तुकड्यात. टोकांच्या तुकड्यांत ε/2 का घेतला ते विसरू नका: f(x) पासून L पर्यंत एक ε/2, L पासून f(y) पर्यंत दुसरा. तिथे ε लिहिला तर शेवटी 2ε हाती येतो. ते काही मोठं पाप नाही, पण परीक्षेत उगाच कशाला.

टोकांना किंमत देऊन मोकळं व्हायचं असेल तर

तिसरा रस्ता सगळ्यात छोटा. नवं फंक्शन F घ्या: आत F(x) = f(x), F(a) = L, F(b) = M. F हे [a, b] वर कंटिन्युअस आहे. एडुआर्ड हाइने यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेलं प्रमेय सांगतं की बंद, बाउंडेड इंटरव्हलवर कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. म्हणून F तसं आहे, आणि F ला (a, b) पुरतं मर्यादित केलं की f मिळतं. तोच δ चालतो.

इथे मार्क जातात ते "F कंटिन्युअस आहे" हे एका दमात लिहून पुढे पळाल्यामुळे. a पाशी का कंटिन्युअस? कारण x → a⁺ करताना F(x) म्हणजे f(x) च आहे, ते L कडे जातं, आणि F(a) ची किंमत आपण L च ठेवली. एक ओळ, पण अख्ख्या सिद्धतेत दिलेली लिमिट वापरली जाते ती फक्त इथे. ती ओळ गाळली तर दिलेली अट वापरलीच नाही असं होतं, आणि मग हीच सिद्धता 1/x वरही चालायला हवी! दुसरं, "f हे [a, b] वर कंटिन्युअस आहे" असं लिहू नका. f ला a पाशी किंमतच नाही. नाव वेगळं ठेवा, गोंधळ होणार नाही.

इंटरव्हल अमर्याद असेल तर

(0, ∞) वर दोन्ही टोकांना, म्हणजे 0 पाशी आणि ∞ पाशी, फायनाइट लिमिट असेल तरीही विधान खरं राहतं. फक्त वरच्या सिद्धता जशाच्या तशा उचलता येत नाहीत. [0, ∞) बाउंडेड नाही, म्हणून हाइनेचं प्रमेय थेट लागत नाही, xₙ अनंताकडे पळू शकतात, म्हणून बोल्झानो-वायरश्ट्रासही हात वर करतं. तुकड्यांची पद्धत मात्र टिकते: N असा निवडा की x > N साठी |f − M| < ε/2, मधला तुकडा [r, N + 1] घ्या, आणि δ = min(r, 1, δ₁).

फरक उलट दिशेला आहे. बाउंडेड खुल्या इंटरव्हलवर युनिफॉर्मली कंटिन्युअस फंक्शनला दोन्ही टोकांना फायनाइट लिमिट असायलाच लागते. a कडे जाणारी कुठलीही क्रमिका घ्या, ती कोशी असते; युनिफॉर्म कंटिन्युइटीमुळे f च्या किमतींची क्रमिकाही कोशी होते, म्हणून ती कुठेतरी टेकते. दोन वेगवेगळ्या क्रमिका घेतल्या तर त्या आळीपाळीने गुंफून बघा. गुंफलेली क्रमिकाही a कडेच जाते, म्हणून दोन्हींची लिमिट एकच. त्यामुळे (a, b) वर ही अट दोन्ही बाजूंनी चालते आणि उदाहरणं झटपट निकालात निघतात: (0, 1) वर log x नाही, x log x आहे (दोन्ही टोकांना 0), (sin x)/x आहे, cos(1/x) नाही. अमर्याद इंटरव्हलवर मात्र उलट दिशा तुटते. f(x) = x हे अख्ख्या संख्यारेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, δ = ε, आणि ∞ पाशी त्याला फायनाइट लिमिट नाही.

एकच सलग इंटरव्हल आहे ना?

सगळं नीट लिहूनही उत्तर चुकीचं येत असेल तर डोमेन तपासा. (0, 1) ∪ (1, 2) वर f ची किंमत पहिल्या तुकड्यात 0 आणि दुसऱ्यात 1 ठेवा. f कंटिन्युअस आहे, चारही टोकांना फायनाइट लिमिट आहे, प्रत्येक तुकड्यावर तर ते स्थिर आहे. तरी x = 0.999 आणि y = 1.001 घेतले की अंतर 0.002 आणि फरक 1. आणखी जवळ नेले तरी फरक 1 च. प्रमेय एका सलग इंटरव्हलबद्दल आहे. मधला बिंदू वगळलेला असेल तर तिथली डावीकडची आणि उजवीकडची लिमिट फायनाइट असून पुरत नाही, त्या दोन्ही सारख्याही लागतात.